अर्धवट अपडेटनंतर बटणं न घेणारा हेडफोन : लातूरच्या दुकानातल्या प्रकल्प नोंदी

११ जून २०२५, दुपार

नीटच्या नव्या बॅचसाठी उदगीरहून आलेला एक पोरगा कानावर बसणारा ब्लूटूथ हेडफोन घेऊन आला. "काका, बटनच घेईना गेलंय बघा. चालू बी होईना, बंद बी होईना." ट्यूशन एरियातल्या होस्टेलच्या एका खोलीत चौघं राहतात, त्यामुळे रेकॉर्ड केलेली लेक्चरं तो यावरच ऐकतो. म्हणून घाई.

काय झालं ते त्याच्याकडून नीट काढून घेतलं, कारण अशा केसमध्ये निम्मं निदान गिऱ्हाइकाच्या तोंडीच असतं. काल रात्री कंपनीच्या ॲपनं अपडेट आलंय म्हणून दाखवलं. यानं 'हो' दाबलं आणि मोबाईल उशाशी ठेवून झोपला. शेवटचं पाहिलं तेव्हा पट्टी निम्म्याच्या थोडी पुढं होती. सकाळी उठला तर ॲप बंद, आणि उघडल्यावर 'हेडफोन सापडत नाही'. मोबाईलची बॅटरी वाचवायची सेटिंग चालूच होती. पडदा बंद झाल्यावर मागं चालणारं ॲप मोबाईलनंच मारलं, हे जवळजवळ नक्की. ब्लूटूथवरून फर्मवेअर, म्हणजे हेडफोनच्या चिपमधला प्रोग्राम, पाठवायला वीस मिनिटं, अर्धा तास सहज लागतो, आणि एवढा वेळ मोबाईलला हात न लावता ठेवला की बरेच मोबाईल हेच करतात.

सध्याची अवस्था : चालू-बंदचं बटण, आवाजाची दोन्ही बटणं, काहीच घेत नाही. पांढरा दिवा बंद. चार्जरला लावलं की लाल दिवा लागतो. दुसऱ्या मोबाईलवर ब्लूटूथच्या यादीत नाव येत नाही. पोरानं सकाळपासून सगळी बटणं सगळ्या जोड्यांनी दाबून पाहिलीत. त्यानं नुकसान काही झालेलं नाही, फक्त त्याचं बोट दुखतंय.

खरेदी आठ महिन्यांपूर्वीची, ऑनलाईन. वॉरंटी वर्षाची. म्हणून आजच ठरवलं की उघडायचं नाही. जे बाहेरून, खूण न ठेवता करता येईल तेवढंच करायचं आणि नाही जमलं तर सर्व्हिस सेंटरला पाठवायचं. पोराला तसं सांगितलं. "महिना लागतंय म्हणं काका तिकडं," म्हणाला. म्हणलं, आधी दोन-तीन दिवस दे.

११ जून, रात्री

आधी केबल. पोराकडची केबल नुसती चार्जिंगची निघाली, आत डेटाच्या तारा नाहीत. ही असली केबल लावून 'कॉम्प्युटरला दिसत नाही' असा निष्कर्ष काढणारे फार. माझी डेटावाली लावली आणि लिनक्सच्या लॅपटॉपवर, यूएसबीला काही जोडलं की ओळ दाखवणारं `dmesg -w` चालू ठेवून पाहिलं. तरी काहीच उमटलं नाही. म्हणजे आता खरंच दिसत नाहीये.

मग मध्ये यूएसबी मीटर लावला. तीन दशांश दाखवणारा, साधा, कोणत्याही स्पेअरच्या दुकानात मिळतो तसला. ०.२५० अँपनं चार्जिंग सुरू झालं आणि भरत आल्यावर हळूहळू खाली आलं. यावरून एवढंच कळतं की चार्जिंगचा भाग आणि बॅटरी ठीक आहे. लाल दिवा लागला म्हणून 'हेडफोन जिवंत आहे' असं म्हणता येत नाही, कारण अनेक मॉडेलमध्ये तो दिवा चार्जिंगचाच भाग चालवतो, मुख्य चिपचा त्यात हात नसतो.

पण एक गोष्ट डोळ्यांत भरली. लाल दिवा विझला, चार्जिंग संपलं, तरी मीटर शून्यावर आला नाही. ०.०२१ वर जाऊन तिथंच बसला. आत कुणीतरी एकवीस मिलीअँप खातंय.

यावरून लगेच उडी मारता येत नाही. काही हेडफोन चार्जरला लावल्यावर मुद्दाम चिप जागी ठेवतात. म्हणून खात्रीसाठी साडेनऊला चार्जरवरून काढला आणि ड्रॉवरमध्ये ठेवून दिला. सकाळी किती पितो ते बघू.

१२ जून, सकाळ

साडेसातला परत मीटरमधून लावला. भरेपर्यंत दीड तास लागला आणि मीटरवर एकूण २३२ मिलीअँप-तास जमा झाले. त्या दीड तासात आतल्या चिपनं स्वतः खाल्लेले तीसेक वजा केले, तर रात्रीच्या दहा तासांत बॅटरीतून दोनशेच्या आसपास गेले. म्हणजे तासाला वीस. कालच्या ०.०२१ शी जवळजवळ जुळलं.

माझा स्वतःचा चांगला हेडफोन बंद करून असाच रात्रभर ठेवला होता तेव्हा सकाळी मीटरवर जेमतेम तीन उमटले होते. बंद हेडफोन मिलीअँपचा अगदी बारीक भाग खातो. वीस मिलीअँप म्हणजे चिप चालू आहे, घड्याळ चालू आहे, आत काहीतरी प्रोग्राम फिरतोय. हेडफोन मेलेला नाही, अडकलेला आहे.

माझ्या मते या सगळ्या कामातली हीच सगळ्यात कामाची मोजणी, आणि तीच कुणी करत नाही. अडकलेला आणि मेलेला हेडफोन बाहेरून हुबेहूब सारखे दिसतात. दोन्हींत दिवा नाही, बटण नाही, ब्लूटूथ नाही. फरक फक्त बॅटरी उतरण्याच्या वेगात कळतो. मीटर नसला तरी ढोबळ अंदाज येतो : पूर्ण भरून एक दिवस बाजूला ठेवा, दुसऱ्या दिवशी चार्जरला लावल्यावर लाल दिवा पाच मिनिटांत विझला तर चिप झोपलेली किंवा मेलेली, दोन तास जळत राहिला तर जागी.

मग बटणं का घेत नाहीत? हेडफोनचं चालू-बंद बटण म्हणजे घरातल्या दिव्याचा खटका नव्हे. ते वीज तोडत नाही. ते चिपच्या एका पायावर फक्त 'दाबलं' एवढा इशारा देतो, आणि तो इशारा वाचायचं काम फर्मवेअरचं. काही हेडफोनांत अपडेट सुरू झालं की नेहमीचं फर्मवेअर बाजूला होतं आणि अपडेट लिहिणारा एक छोटा प्रोग्राम ताबा घेतो. त्या छोट्या प्रोग्राममध्ये बटणं वाचायची सोय बहुधा नसतेच, कारण अपडेट चालू असताना कुणी बंद करू नये हाच हेतू असतो. मोबाईलनं मधेच साथ सोडली, आणि हा बिचारा पुढचा तुकडा येईल म्हणून वाट बघत बसलाय. किती वेळ वाट बघायची हे बनवणाऱ्यांनी त्याला सांगितलेलंच नाही.

१२ जून, दुपार

रिसेट. या एका शब्दाखाली तीन वेगवेगळ्या गोष्टी खपतात आणि सगळा घोळ तिथंच होतो.

पहिला, मॅन्युअलमध्ये छापलेला फॅक्टरी रिसेट. दोन बटणं दहा सेकंद धरा वगैरे. हा फर्मवेअरच करतं. जोडलेल्या मोबाईलांची यादी आणि सेटिंग पुसतं, बस. फर्मवेअर बदलत नाही, जुनं परत आणत नाही. आणि फर्मवेअरच ताब्यावर नसेल तर हा रिसेट ऐकायलाच कुणी नसतं. लोक अर्धा-अर्धा दिवस हाच करत बसतात.

दुसरा, जबरी रिसेट. काही चिपच्या वीज सांभाळणाऱ्या भागात वेगळं घड्याळ असतं. बटण दहा ते तीस सेकंद सलग धरलं की तो भाग फर्मवेअरला न विचारता चिप खाली पाडून परत उठवतो. काही मॉडेलमध्ये बटण धरून चार्जरची वायर घातली की हेच होतं. ही सोय असेल तर अडकलेला हेडफोन अर्ध्या मिनिटात मोकळा होतो.

तिसरा, वीजच जाणं. बॅटरी पूर्ण उतरली किंवा तिची तार काढली की चिपला पर्याय राहत नाही.

या हेडफोनात दुसरी सोय आहे का, हे पाहायला मीटरच कामाला आला. भरलेल्या अवस्थेत ०.०२१ वर स्थिर असताना चालू-बंद बटण चाळीस सेकंद धरलं. चिप खरंच रिसेट झाली असती तर आकडा क्षणभर पडला असता आणि उठताना वर उसळला असता. तो जागचा हलला नाही. मग चालू-बंद आणि आवाज कमी, चालू-बंद आणि आवाज जास्त, तिन्ही एकदम, वायर काढून घालताना धरून, असं सगळं केलं. ०.०२१. या मॉडेलला जबरी रिसेटची वेगळी तार नाही असं धरून पुढं जायचं.

मोबाईलच्या बाजूनंही एकदा नीट प्रयत्न केला, कारण वाट बघणाऱ्या प्रोग्रामला तीच फाईल परत मिळाली तर तो उरलेलं काम पुरं करूही शकतो. पोराला बोलावून त्याच्या मोबाईलमधली जुनी जोडणी काढली, ॲपची बॅटरीची बंधनं काढली, परत शोधलं. नाही. nRF Connect या ॲपनं आसपासची ब्लूटूथ लो एनर्जीवर हाक देणारी सगळी यंत्रं पाहिली आणि हेडफोन मोबाईलला चिकटवून धरला. जवळ आणल्यावर जोर वाढणारं एकही नाव दिसलं नाही. जोडणी तुटल्यावर यानं स्वतःची हाक देणंही थांबवलंय.

उरली वीज काढून घेणं. दुपारी बारालाच चार्जरवरून काढून ठेवला होता. मॅन्युअलमध्ये बॅटरी ५०० मिलीअँप-तासांची लिहिलीय. वीसनं भागलं की पंचवीस तास. उद्या दुपारी उतरायला हवी. परवा सकाळपर्यंत हात लावायचा नाही.

मोजणीसाठी रात्री पूर्ण भरला नसता तर हे लवकर झालं असतं, पण मग किती खातोय तेच कळलं नसतं.

१३ जून

हेडफोन उतरतोय. लावून बघायचा मोह नको, थोडंसं चार्जिंग झालं तरी परत तासांचा हिशोब सुरू.

पुतण्या विचारतो, "काका, उघडून बॅटरीचा कनेक्टर काढला असता तर दोन मिनिटांचं काम होतं की." बरोबर आहे. कानाची गादी बहुतेक मॉडेलमध्ये खाचेतून फिरवून किंवा ओढून निघते, खाली चार स्क्रू, आत कनेक्टर. वॉरंटी संपलेली असती तर मी तेच केलं असतं. पण वॉरंटीतल्या वस्तूचा स्क्रू फिरलेला दिसला की सर्व्हिस सेंटर हात वर करतं, आणि मग महिन्याभरात फुकट बदलून मिळणारी वस्तू पोराच्या गळ्यात पडते. चार महिने वॉरंटी शिल्लक असताना एक दिवस वाचवायला हा सौदा वाईट.

त्याचा दुसरा प्रश्न जास्त चांगला होता. याच मॉडेलच्या चालू हेडफोनातून फर्मवेअर वाचून यात टाकता येणार नाही का? टीव्हीच्या बोर्डाला आम्ही तसंच करतो, म्हणून त्याला वाटलं. हेडफोनला ते करावं लागलं तर आधी बोर्डवर फर्मवेअर साठवणारी आठ पायांची फ्लॅश चिप वेगळी दिसायला हवी. अनेकांत ती मुख्य चिपच्या पोटातच असते, मग वाचायची क्लिप लावायला जागाच नाही. दिसली, तरी ती बऱ्याचदा १.८ व्होल्टची असते आणि चिप वाचणारा-लिहिणारा आपला काळा CH341A प्रोग्रामर देतो ३.३, त्याच्या डेटाच्या तारांवर तर काही बोर्डांत पाच व्होल्ट निघतात. मध्ये १.८ चा अडॅप्टर न लावता क्लिप लावली की अडकलेला हेडफोन खरोखर मेलेला होतो. एवढं सांभाळलं तर पहिलं काम लिहायचं नव्हे, आहे ते दोनदा वाचून जुळवायचं :

```
flashrom -p ch341a_spi -r a.bin
flashrom -p ch341a_spi -r b.bin
sha256sum a.bin b.bin
```

दोन्ही आकडे सारखे आले तरच क्लिप नीट बसली. न जुळता पुढं लिहिणं म्हणजे स्वतःच्या हातानं खड्डा.

आणि दुसऱ्या हेडफोनची पूर्ण नक्कल टाकण्यात वेगळीच गोम आहे. त्या फ्लॅशमध्ये नुसतं फर्मवेअर नसतं. त्या एका हेडफोनचा ब्लूटूथ पत्ता, त्याच्या क्रिस्टलची जुळवणी, माइकची पातळी, हेही तिथंच बसलेलं असतं. नक्कल केली की एकाच पत्त्याचे दोन हेडफोन तयार होतात, एकाच होस्टेलमध्ये असले तर मोबाईलचा गोंधळ उडतो. क्रिस्टलची जुळवणी दुसऱ्याची बसली तर जोडणी पाच फुटांवर तुटायला लागते आणि कारण कुणालाच कळत नाही. शिवाय काही चिप फर्मवेअर स्वतःच्या किल्लीनं कुलूपबंद ठेवतात, तिथं नक्कल चालतच नाही. म्हणून टीव्हीचा धडा इथं जसाच्या तसा लागू नाही.

संध्याकाळी वारं सुटलं, लाईट गेली ती नऊला आली.

१४ जून, सकाळ

साडेआठला मीटरमधून वायर लावली. लाल दिवा लागला नाही. मीटरवर ०.०२७.

पुतण्याचा चेहरा पडला, पण हीच आपल्याला हवी होती ती खूण. बॅटरी तीन व्होल्टच्या खाली गेली की चार्जिंगचा भाग तिला एकदम पूर्ण करंट देत नाही. आधी दहाव्या हिश्श्यानं, हळू, ती सावरेपर्यंत. या वेळात बऱ्याच हेडफोनांचा दिवा लागत नाही आणि माणूस 'आता चार्जिंगही गेलं' म्हणून वायर काढून टाकतो. अर्धा तास तरी थांबायला पाहिजे. इथं बारा मिनिटांनी आकडा ०.२५० वर गेला आणि लाल दिवा लागला. उतरलेली बॅटरी मात्र अशीच आठवडा-दोन आठवडे ठेवायची नाही, ती मग खरंच खराब होते.

लाल दिव्यापाठोपाठ पांढरा दिवा एकदा लुकलुकला आणि विझला. तीन दिवसांत पहिल्यांदा. साताठ सेकंदांनी परत. परत. लॅपटॉपवर ओळी पळायला लागल्या :

```
usb 1-2: new full-speed USB device number 14 using xhci_hcd
usb 1-2: USB disconnect, device number 14
usb 1-2: new full-speed USB device number 15 using xhci_hcd
usb 1-2: USB disconnect, device number 15
```

म्हणजे अडकलेला प्रोग्राम गेला आणि चिप पहिल्यापासून उठली. उठताना सगळ्यात आधी चालतो तो बूटलोडर, हा छोटासा भाग अपडेटमध्ये सहसा पुसला जात नाही. तो क्षणभर यूएसबीवर दिसतो, मग मुख्य फर्मवेअरकडे ताबा देतो. मुख्य फर्मवेअर आहे अर्धं जुनं, अर्धं नवं. ते काही पावलं चालतं आणि कोसळतं. मग राखणीचं घड्याळ, ज्याला वॉचडॉग म्हणतात, ते चिपला परत उठवतं. म्हणून साताठ सेकंदांचं हे चक्र.

ज्या हेडफोनात फर्मवेअरच्या दोन पूर्ण जागा असतात त्यांचं असं होत नाही. तिथं नवं दुसऱ्या जागेत लिहिलं जातं, पूर्ण उतरलं आणि तपासून झालं तरच जागा बदलते, मधेच तुटलं तर जुनंच चालू राहतं. याची मेमरी वाचवलेली दिसते. एकाच जागेत जुन्यावर नवं लिहिलंय, त्यामुळे मागं जायला जुनं शिल्लकच नाही. नवं पूर्ण लिहिणं हाच एक रस्ता.

१४ जून, दुपार

आता बूटलोडरला थांबवायचं. तो ताबा सोडण्याआधी बहुधा एखाद्या बटणाकडे एकदा नजर टाकतो. दाबलेलं दिसलं तर पुढं न जाता फाईलची वाट बघत यूएसबीवर थांबतो. पण ती नजर उठतानाच्या पहिल्या क्षणाची असते. म्हणून बटण आधी आणि वायर नंतर. उलट केलं की तो क्षण निसटलेला असतो, आणि लोक म्हणतात 'ती युक्ती आमच्याकडे चालली नाही'.

इथं हेडफोन आपणहूनच दर साताठ सेकंदांनी उठतोय, त्यामुळे वायर काढायचीही गरज नव्हती. एक बटण धरून दोन चक्रं जाऊ द्यायची, फरक नाही पडला तर दुसरं. चालू-बंद धरलं, चक्र तसंच. आवाज जास्त, तसंच. आवाज कमी धरलं आणि पुढच्या उठण्याला पांढरा दिवा लुकलुकण्याऐवजी लागूनच राहिला. `dmesg` मध्ये तुटल्याची ओळ आली नाही. `lsusb -v` मध्ये हे दिसलं :

```
bInterfaceClass       254 Application Specific Interface
bInterfaceSubClass      1 Device Firmware Update
```

म्हणजे फर्मवेअर घ्यायला तयार आहे, असं तो स्वतःच सांगतोय. कोणतं बटण हे मॉडेलवर अवलंबून. आवाज कमी हे काही सगळ्यांना लागू नाही.

लगेच फाईल पाठवायला बसलो नाही. बॅटरी नुकतीच तळातून वर आलीय. या अवस्थेतही चार्जिंग चालू राहतं, कारण तो भाग वेगळा आहे. तासभर भरू दिली. तेवढ्यात कंपनीच्या साइटवरून त्यांचा विंडोजवरचा अपडेट करायचा प्रोग्राम उतरवला. मॉडेल नंबर गादीखालच्या पट्टीवर छापलेला असतो, तो अक्षरन्अक्षर जुळवला. एकाच नावाच्या जुन्या-नव्या आवृत्तीत आतली चिपच वेगळी असू शकते आणि शेवटच्या एका अक्षरानं घात होतो. इकडून तिकडून मिळालेली फाईल घेऊन ती ढकलण्याचा विचारही केला नाही.

दुकानात डेस्कटॉप आहे, पण जूनमध्ये लातूरला डेस्कटॉपवर फर्मवेअर टाकायचं म्हणजे जुगार. बॅटरी भरलेला विंडोज लॅपटॉप घेतला, झोपायची सेटिंग बंद केली, मधला हब काढून केबल थेट पोर्टात घातली. प्रोग्रामनं हेडफोन ओळखला, नाव न दाखवता नुसतं 'रिकव्हरी' असं. सुरू केलं. पट्टी साधारण तिसऱ्या हिश्श्यावर असताना लाईट गेलीच. पंखा थांबला, लॅपटॉप चालू राहिला. वायरीतून काम ब्लूटूथच्या मानानं झपाट्यानं होतं. चार मिनिटांत पूर्ण, मग तपासणी, मग हेडफोन आपोआप बंद होऊन उठला आणि कानात 'पॉवर ऑन' ऐकू आलं. आवाज कमी-जास्त, थांबा-चालू, सगळी बटणं घ्यायला लागली.

कॉम्प्युटरवरचा प्रोग्राम न देणाऱ्या कंपन्याही आहेत, त्यांचं सगळं मोबाईलवरूनच. तिथं बूटलोडर यूएसबीऐवजी ब्लूटूथवर, बऱ्याचदा वेगळ्याच नावानं, हाक देतो. म्हणून मोबाईलमधली जुनी जोडणी आधी काढायची आणि ॲप परत नव्यानं शोधू द्यायचं. तेही न दिसलं तर सर्व्हिस सेंटर, तिथं वेळ घालवायचा नाही.

१६ जून

द्यायच्या आधी एक दिवस वापरून पाहिला. आता फॅक्टरी रिसेट केला, आता त्याला ऐकायला कुणीतरी आहे. जुन्या सेटिंगचे तुकडे नव्या फर्मवेअरला अडचण करतात, म्हणून तो शेवटी करायचाच. ॲपमध्ये आवृत्ती नवीच दिसते. दोन्ही कान सारखे, माइकवर फोन करून पाहिला, दुकानाच्या दारापासून आतल्या खोलीपर्यंत जोडणी तुटली नाही. रात्रभर बंद ठेवून सकाळी मीटरवर चार मिलीअँप-तास. चिप झोपतेय.

पोरगा आला, बटण दाबलं, हसला. "कामून बिघडलं होतं काका?" त्याला मोबाईलमधली ॲपची बॅटरीची सेटिंग स्वतः बदलायला लावली. पुढचं अपडेट बसल्या जागी करायचं, पडदा चालू ठेवून, हेडफोन निम्म्याहून जास्त भरलेला, आणि तेवढा वेळ फोन घ्यायचा नाही. दोनशे रुपये घेतले.

२६ जून

पोराचा फोन. "काका, चाळीस टक्के दावायलंय अन् एकदम बंद पडायलंय." म्हणलं, घाबरू नको, हे त्याच दुरुस्तीचं शेपूट. किती टक्के उरलंय हा हेडफोनचा हिशोब असतो, मागच्या वापरावरून लावलेला. बॅटरी तळाला नेली, फर्मवेअर नवं टाकलं, रिसेट केला, त्यात तो मागचा हिशोब पुसला गेला. हा पोरगा जेवताना दहा मिनिटं, अंघोळीला जाताना दहा मिनिटं असं तुकड्यातुकड्यानं चार्ज करतो, त्यामुळे वरचं आणि खालचं टोक हेडफोनला कधी दिसलंच नाही. एकदा लाल दिवा विझेपर्यंत पूर्ण भर, मग बंद पडेपर्यंत वापर, लगेच परत पूर्ण भर, असं सांगितलं.

२९ जून

आता दहा टक्क्यांवर सूचना देतो आणि त्यानंतरच बंद होतो. बिल पाहिलं, वॉरंटी ऑक्टोबरपर्यंत. त्याच्या मोबाईलमधल्या बिलाचा फोटो त्याला घरी पाठवून ठेवायला सांगितला.